कुलूपबंद टॅब आणि मराठी बिल

फरसाणाच्या दुकानात काउंटरवर टॅब आला की दुपारच्या मोकळ्या वेळेत पोऱ्या त्यावर क्रिकेट लावणार, हे गृहीत धरावं. त्यात त्याचा दोष नाही. टॅब हे मुळात एका माणसाचं, हातात घेऊन वापरायचं यंत्र. त्याला दिवसभर एकच काम करणारं बिलाचं मशीन बनवायचं तर त्याच्या बऱ्याच सवयी मोडाव्या लागतात. याला कियॉस्क मोड म्हणतात. स्क्रीनवर फक्त आपलं बिलिंगचं ॲप दिसतं. मागे जाता येत नाही, वरून नोटिफिकेशनचा पडदा ओढता येत नाही, टॅब बंद करून चालू केला तरी पुन्हा तेच ॲप समोर येतं.

बरेच जण यासाठी अँड्रॉइडमधलं ‘स्क्रीन पिन’ वापरतात. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ती सोय आहे आणि सेटिंग्जमधून दोन मिनिटांत चालू होते. पण ती लहान मुलाच्या हातात फोन देताना वापरायची गोष्ट आहे. दोन बटणं एकत्र दाबून धरली, किंवा खालून वर बोट सरकवून थांबलं, की ती सुटते. ही युक्ती काउंटरवरच्या पोरांना दुसऱ्या दिवशी ठाऊक असते.

खरं कुलूप लावायला ॲपला त्या टॅबचा ‘डिव्हाइस ओनर’ म्हणजे मालक करावं लागतं. हा अधिकार कोऱ्या टॅबवरच मिळतो. दुकानदार हौसेनं टॅब उघडून स्वतःचं गुगल खातं टाकून ठेवतात, आणि मग पुढची आज्ञा नकार देते, कारण टॅबवर आधीच कुणाचं तरी खातं आहे. खातं काढावं लागतं. बहुतेक वेळा टॅब फॅक्टरी रिसेट करणंच बरं पडतं. कोऱ्या टॅबला संगणकाची केबल लावून ही एक ओळ द्यायची:

```
adb shell dpm set-device-owner com.example.billing/.OwnerReceiver
```

टॅब पाच-पंचवीस असतील तर केबल परवडत नाही. तेव्हा स्वागताच्या पहिल्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारली की क्यूआर कोड वाचण्याची सोय उघडते, आणि त्या कोडमधून ॲप मालक म्हणून बसतं. एकदा मालकी मिळाली की कुलपासाठी प्रोग्राममध्ये दोन ओळी पुरतात:

```
dpm.setLockTaskPackages(admin, arrayOf(packageName))
startLockTask()
```

शिवाय हेच ॲप टॅबचं होम स्क्रीन म्हणून नेमायचं, म्हणजे वीज जाऊन टॅब पुन्हा सुरू झाला तरी थेट बिलाचं पान येतं. अँड्रॉइडचे अपडेट रात्री दोन ते चार अशा वेळेत बांधून टाकायचे, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत टॅब स्वतःच रिस्टार्ट व्हायला बसतो. एक फट मात्र राहते. पॉवरचं बटण दाबून धरलं की येणारा मेनू कुलपातही चालू असतो, आणि तो वेगळा बंद करावा लागतो.

हे कुलूप किती घट्ट आहे ते प्रिंटर जोडताना कळतं. परवानगी नसलेलं कुठलंही ॲप आता उघडत नाही, आणि त्यात ‘सेटिंग्ज’ही आलं. म्हणजे ब्लूटूथ प्रिंटर जोडायची जागाच दिसत नाही. वायफायचा पासवर्ड बदलला तर नवा टाकायला जागा नाही. स्क्रीनचा उजेड वाढवायचा, तर तोही नाही. म्हणून प्रिंटर आधी जोडून मग कुलूप लावायचं, आणि काउंटरवर रोज लागणाऱ्या चार गोष्टी आपल्याच ॲपमध्ये, मालकाच्या पिनमागे, करून ठेवायच्या. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ वापरायला वेगळी परवानगी मागावी लागते. मालक असलेलं ॲप ती स्वतःच स्वतःला देऊ शकतं, त्यामुळे ‘अलाउ’ दाबायचा प्रश्न गिऱ्हाइकासमोर उभा राहत नाही.

इथपर्यंतचं काम जगात कुठेही सारखंच. खरी गंमत मराठी बिलाची.

दुकानांत दिसणारा छोटा थर्मल प्रिंटर ५८ मिलिमीटर रुंदीचा कागद घेतो. त्यात शाई नसते. कागदावरच उष्णतेनं काळा होणारा लेप असतो, आणि प्रिंटरच्या डोक्यात एका ओळीत ३८४ बारीक तापणारे ठिपके असतात. मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे छपाईची खरी रुंदी ४८ मिलिमीटर. यातले बहुतेक प्रिंटर एप्सननं ठरवलेली एस्क-पॉस नावाची आज्ञाभाषा बोलतात. ‘Total 240’ असं पाठवलं की प्रिंटर आपल्या पोटातल्या रोमन अक्षरांतून ते छापतो. एका ओळीत ३२ अक्षरं बसतात, आणि सारं क्षणात होतं.

आता त्याला ‘चिवडा’ पाठवा. संगणकात हा शब्द आधी च, मग ह्रस्व वेलांटी, मग व, ड आणि काना अशा क्रमानं साठवलेला असतो. पण कागदावर वेलांटी ‘च’च्या आधी काढायची असते. ‘श्रीखंड’मध्ये तर श आणि र मिळून वेगळाच आकार होतो. ही जुळवाजुळव टॅब सहज करतो. साध्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरंही नसतात आणि जुळवायची अक्कलही नसते. त्यामुळे ‘चिवडा’च्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कसलीशी चिनी वाटणारी चित्रं येतात. ₹ या चिन्हाचीही तीच गत. ते युनिकोडमध्ये २०१० साली आलं, आणि प्रिंटरच्या अक्षरसंचात ते बहुधा नसतं. म्हणून इतक्या बिलांवर अजून ‘Rs.’ दिसतं.

उपाय एकच: अक्षरं पाठवायचीच नाहीत, चित्र पाठवायचं. टॅबनं सगळं बिल आपल्या फाँटमध्ये ३८४ ठिपके रुंदीच्या चित्रावर लिहायचं, प्रत्येक ठिपका काळा की पांढरा ते ठरवायचं, आणि ते ठिपके प्रिंटरला द्यायचे. आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणून एका ओळीला ४८ बाइट. हे चित्र २४-२४ ओळींच्या पट्ट्यांत पाठवतात, आणि दर पट्टीआधी ही आज्ञा:

```
1D 76 30 00 30 00 18 00
```

पहिले चार आकडे म्हणजे ‘चित्र येतंय’. पुढचा 30 म्हणजे सोळाच्या पाढ्यातले ४८ बाइट रुंदी, आणि 18 म्हणजे २४ ओळी.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. समजा गिऱ्हाइकानं चिवडा, चकली, श्रीखंड आणि दोन-चार पदार्थ घेतले आणि बिल १२ सेंटिमीटर लांब झालं. म्हणजे १२० मिलिमीटर गुणिले आठ, ९६० ओळी. प्रत्येकी ४८ बाइट, एकूण ४६,०८०. रोमन अक्षरांत तेच बिल हजार बाइटच्या आत बसलं असतं. जुन्या सिरीयल केबलवर, सेकंदाला ९६० बाइटच्या वेगानं, हे चित्र जायला ४८ सेकंद लागतील. यूएसबी किंवा लॅनवर तो प्रश्न उरत नाही. ब्लूटूथवर ते भागतं, पण स्वस्त प्रिंटरची स्मरणशक्ती लहान असते. सगळं एकदम ओतलं तर मधल्या काही ओळी गळतात आणि बिलाच्या अर्ध्यात अगम्य अक्षरांची रांग सुरू होते. ही खूण दिसली की प्रिंटर बिघडला असं समजू नये. पट्ट्यांमध्ये थोडी उसंत द्यावी, बहुतेकदा एवढ्यानं काम होतं.

फाँटचाही विचार करावा लागतो. स्क्रीनवर अक्षरांच्या कडा करड्या रंगानं गुळगुळीत केलेल्या असतात. थर्मल कागदाला करडा रंग नाही. काळं-पांढरं करताना बारीक रेषा तुटतात, अनुस्वार उडतो, आणि मग ‘श्रीखंड’चं ‘श्रीखड’ होतं. मी स्वतः जाड वजनाचा फाँट घेतो, मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता किंवा गुगलचा नोटो, आणि उंची २८ ठिपक्यांच्या खाली जाऊ देत नाही. कागद थोडा जास्त जातो, पण आजोबांना बिल वाचता येतं.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. प्रोग्रामनं बाइट पाठवले आणि ‘गेले’ असं उत्तर आलं, याचा अर्थ ते तारेत किंवा हवेत गेले, एवढाच. कागद संपलेला असेल, झाकण उघडं असेल, तरी पाठवणाऱ्याला सारं ठीकच वाटतं. चांगल्या प्रिंटरला `10 04 04` हे तीन बाइट पाठवून कागद आहे का ते विचारता येतं. स्वस्तातला प्रिंटर कधी उत्तरच देत नाही. म्हणून बिल आधी टॅबच्या डेटाबेसमध्ये नंबरासकट कायम करायचं आणि नंतरच छापायला द्यायचं. छपाई फसली तर तेच बिल, त्याच नंबरानं, वर ‘दुसरी प्रत’ असं छापून पुन्हा काढायचं. हा क्रम उलटा केला की माणूस बिल न आलेलं पाहून पुन्हा ‘सेव्ह’ दाबतो आणि एकाच विक्रीची दोन बिलं होतात. जीएसटीच्या नियमांत बिलाचा नंबर सलग आणि जास्तीत जास्त १६ अक्षरी हवा. दुहेरी बिलातलं एक मागाहून खोडून टाकलं की त्या सलग मालिकेत भोक पडतं, आणि ते वर्षाअखेरीस सीएला दिसतं.

जोडणीबद्दल माझं मत सरळ आहे. टॅब आणि प्रिंटर एकाच काउंटरवर, एकेक असतील तर ब्लूटूथ पुरे. यूएसबी भरवशाची, पण बहुतेक टॅबना एकच भोक असतं; तिथे प्रिंटर लावला तर चार्जर कुठे लावायचा, हे विकत घेण्याआधी पाहावं. दोन काउंटर किंवा स्वयंपाकघरात वेगळा प्रिंटर असेल तर लॅनचा घ्यावा. तो ९१०० या पोर्टवर ऐकतो. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवावा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि ॲप जुन्याच दारावर थापा मारत बसतं. टॅब चोवीस तास चार्जरवर ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत बॅटरी फुगू शकते. मागचं झाकण उचललेलं दिसलं की टॅब लगेच बाजूला काढावा.

दुकानदारांना एक सांगणं. ॲप करून देणाऱ्याला उरलेले पैसे देण्याआधी त्याच्यासमोर तीन गोष्टी करून पाहा: बिल अर्धं छापलं असताना कागदाचा रोल ओढून काढा, प्रिंटर बंद असताना बिल करा, आणि पॉवरचं बटण दाबून टॅब रिस्टार्ट करा. आणि कुलूप उघडण्याचा पिन त्याच्याकडून लिहून घ्या. तो पिन त्याच्याबरोबरच गेला, तर टॅब मोकळा करायला फॅक्टरी रिसेटच करावा लागेल, आणि टॅबवरची सगळी बिलं त्यात पुसली जातील.