तक्रारीला उत्तर देताना

समजा, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर एका आईला रात्री वेदनाशामक इंजेक्शन उशिरा मिळालं. मुलीने तक्रार केली. रुग्णालयाचं उत्तर आलं: ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. उपचार नियमानुसार झाले. गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.’

यातला ‘असल्यास’ हा शब्दच मुलीला खोटं ठरवतो. सुधारित पत्राची सुरुवात त्या रात्रीपासून व्हायला हवी: ‘तुमच्या आई वेदनेने कण्हत होत्या आणि तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतात. याबद्दल आम्ही माफी मागतो.’

मग चौकशीत काय आढळलं ते. औषधतक्त्यानुसार इंजेक्शन दहाला द्यायचं होतं, दिलं १२:४० ला. पाळी बदलताना हा डोस बाकी असल्याचं पुढच्या परिचारिकेला सांगितलंच गेलं नव्हतं. घंटा किती वेळा वाजवली, याची नोंद नाही. तेही पत्रात स्पष्ट लिहावं.

‘कर्मचाऱ्यांना समज दिली आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी: पाळी बदलताना दोन्ही परिचारिका खाटेजवळ तक्ता मिळून वाचतील, मेट्रन महिनाभर दर आठवड्याला दहा तक्ते तपासतील आणि निष्कर्ष अमुक तारखेला मुलीला कळवले जातील.

माफी मागितली तर कोर्टात अडकू, ही भीती अशा पत्रांना गुळमुळीत करते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टने हे स्पष्टच केलं आहे: नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे.