हिमोग्लोबिन चांगलं, तरी पायांना मुंग्या
समजा, 55 वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. जन्मापासून शाकाहारी, अंडंही नाही. मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू. वर्षभर दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, आता बोटांच्या टोकांनाही येऊ लागल्या आहेत. दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही. सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून चूळ भरताना तोल जातो. हिमोग्लोबिन 12.4 आलं, म्हणून घरच्यांनी सगळं 'शुगरमुळे' आणि 'वयामुळे' असं ठरवून टाकलं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते बेसिनपाशी जाणारा तोल. पाय कुठे टेकले आहेत याची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. बी-12 कमी पडलं की तिथल्या मज्जातंतूंवरचं आवरण, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं, खराब होतं. डोळे उघडे असतात तोवर नजर ती उणीव भरून काढते. मिटले की माणूस डगमगतो. म्हणून डॉक्टर घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून कंप जाणवतो का ते पाहतात आणि डोळे मिटून उभं राहायला सांगतात. मधुमेहाच्या मुंग्या सहसा पायापासून सुरू होऊन सावकाश वर चढतात. हातापायांना जवळपास एकाच वेळी मुंग्या आल्या, तर बी-12चा संशय अधिक घ्यावा.

बी-12 फक्त जिवाणू तयार करतात. शाकाहारी माणसाला ते मिळतं दूध-दह्यातून, आणि दिवसाची गरज भागायला साधारण दोन-अडीच पेले दूध लागतं. दोन कप चहातल्या दुधाने ती भागत नाही. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून उणीव उशिरा उघड होते. मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या शोषणही कमी करतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी असल्याचं नोंदवलं.

मग रक्त चांगलं कसं? पालेभाज्या आणि डाळींतलं फोलेट रक्तपेशी तयार होण्याचं काम बऱ्याच अंशी सावरून घेतं. मज्जातंतूंना मात्र त्याचा उपयोग नाही. फक्त फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारतं आणि मज्जारज्जूची हानी चालूच राहते.

तपासणीत बी-12 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उणीव धरतात. 200 ते 300च्या दरम्यान असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासतात. रक्त देण्याआधी 'ताकदीचं' इंजेक्शन घेऊ नये. आकडा फुगतो आणि निदान निसटतं. पण तोल जात असेल तर रक्ताचा नमुना देऊन त्याच दिवशी उपचार सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

मज्जातंतूंना इजा झालेली असताना सुरुवातीला 1000 मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दिवसाआड, मग अंतर वाढवत देतात. थकवा काही आठवड्यांत उतरतो. मुंग्या आधी थोड्या वाढूही शकतात. घाबरून उपचार सोडू नयेत. सुधारणा सहा महिने ते वर्षभर चालते. जे तंतू फार काळ उपाशी राहिले, त्यांचा बधिरपणा काही वेळा कायम राहतो. मेटफॉर्मिन चालू असेल आणि आहार तोच राहणार असेल, तर बी-12ची गोळी पुढेही घ्यावी लागते.