ॲपचा ईटीए सरासरीत बरोबर, तरी बायस्ड? दोन आकड्यांत ओळखा

कॅब बुक केली की स्क्रीनवर ‘२० मिनिटांत पोहोचाल’ असं दिसतं. यालाच ईटीए म्हणतात. तो कधी चुकतो, कधी बरोबर येतो. त्यात काही विशेष नाही, कारण सिग्नल, पाऊस आणि मधेच निघालेली वरात ॲपला आधी कळत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: ॲप एका ठरावीक पद्धतीने चुकतंय का? कारण चूक ठरावीक असेल तर ती आपल्याला आधीच दुरुस्त करता येते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि असे अंदाज तपासायची वेळ कामात बऱ्याचदा येते. त्यासाठी मी जी टेस्ट वापरतो ती १९६९ सालची आहे. जेकब मिन्सर आणि व्हिक्टर झार्नोविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आर्थिक अंदाज तपासण्यासाठी ती मांडली. म्हणून तिला मिन्सर-झार्नोविट्झ रिग्रेशन म्हणतात. नाव भारी आहे, पण काम मोबाईलवरच्या गूगल शीट्समध्येही होतं.

आधी डेटा

समजा, तुम्ही दहा राइड्सची नोंद ठेवली. पहिल्या कॉलममध्ये बसताना दिसलेला अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष लागलेली वेळ. सगळं मिनिटांत. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, कुठल्याही खऱ्या ॲपचे नाहीत.)

| अंदाज | प्रत्यक्ष |
|---|---|
| २० | २५ |
| ५० | ४४ |
| १० | १२ |
| ३० | ३२ |
| ४० | ३५ |
| १० | १६ |
| ५० | ४८ |
| २० | १९ |
| ३० | २८ |
| ४० | ४१ |

बहुतेक जण पहिल्यांदा सरासरी चूक काढतात. प्रत्येक ओळीत प्रत्यक्ष वजा अंदाज करा आणि बेरीज घ्या. उत्तर येतं शून्य! म्हणजे ॲप एकदम निष्पक्ष? थांबा. १० मिनिटांच्या दोन्ही राइड्स पाहा: २ आणि ६ मिनिटं उशीर. आता ५० मिनिटांच्या दोन पाहा: ६ आणि २ मिनिटं लवकर. छोट्या राइडला ॲप कमी वेळ सांगतंय, मोठ्या राइडला जास्त. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि सरासरी साळसूद दिसते.

मग रेषा

म्हणून सरासरीवर न थांबता आपण एक सरळ रेषा बसवतो:

```
प्रत्यक्ष = a + b × अंदाज
```

इथे a म्हणजे इंटरसेप्ट आणि b म्हणजे स्लोप, म्हणजेच रेषेचा उतार. अंदाजात बायस नसेल तर a शून्य आणि b एक यायला हवा. म्हणजे ॲपने २० म्हटलं की सरासरी २०, ५० म्हटलं की सरासरी ५०. अंदाज A कॉलममध्ये आणि प्रत्यक्ष वेळ B कॉलममध्ये टाकून हे लिहा:

```
=LINEST(B2:B11, A2:A11, TRUE, TRUE)
```

प्रत्यक्ष वेळ आधी, अंदाज नंतर. हा क्रम उलटा केला तर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. प्रत्यक्ष वेळेत अंदाजाशिवाय नशिबाचा भागही असतो, त्यामुळे ती अंदाजापेक्षा जास्त वरखाली होते. उलट रिग्रेशन केलं तर पूर्ण निष्पक्ष ॲपचाही स्लोप एकपेक्षा कमी येतो आणि बिचारं ॲप उगाच दोषी ठरतं.

आपल्या डेटात पहिल्या ओळीत स्लोप ०.८ आणि इंटरसेप्ट ६ येतो. म्हणजे ॲपने १० म्हटलं तर सरासरी ६ + ८ = १४ मिनिटं लागतात. ५० म्हटलं तर ६ + ४० = ४६. बरोबर ३० वर दोन्ही जुळतात. स्लोप एकपेक्षा कमी असण्याचा अर्थ असा, की ॲप गरजेपेक्षा जास्त टोकाला जातंय: कमी सांगायचं तर फारच कमी, जास्त सांगायचं तर फारच जास्त.

हा योगायोग तर नाही?

दहाच राइड्स आहेत, त्यामुळे ही शंका रास्त आहे. इथे एक गोची होते. LINEST च्या चौथ्या ओळीत एक F आकडा तयार मिळतो. आपल्याकडे तो साधारण १७१ येतो. पण तो ‘स्लोप शून्य आहे का’ हे तपासतो. आपल्याला तर ‘इंटरसेप्ट शून्य आणि स्लोप एक’ हे तपासायचंय. तसंच तिसऱ्या ओळीत R² ०.९५ च्या वर दिसतो, पण त्यावरून एवढंच कळतं की बिंदू रेषेजवळ आहेत. ती रेषा योग्य जागी आहे की नाही, हे R² सांगत नाही.

आपला F आपणच काढू. ॲपचा अंदाज जसाच्या तसा मानला तर चुकांच्या वर्गांची बेरीज किती?

```
=SUMXMY2(B2:B11, A2:A11)
```

उत्तर १४०. आपली रेषा वापरली तर हीच बेरीज ६० होते (LINEST च्या शेवटच्या ओळीतला दुसरा आकडा). आता दोन अटी एकत्र तपासतोय, म्हणून २ ने भागायचं. आणि दहा राइड्समधून दोन आकडे काढले, म्हणून ८ उरले:

```
F = ((140 - 60) / 2) / (60 / 8) = 5.33
=F.DIST.RT(5.33, 2, 8)
```

येतं साधारण ०.०३४. अर्थ असा: ॲप खरंच निष्पक्ष असतं, तर इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने १०० पैकी ३-४ वेळाच दिसला असता. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या निकषावर आपण म्हणतो, बायस आहे.

दोन्ही अटी एकत्रच का? समजा एखादं ॲप प्रत्येक राइडला सरसकट ३ मिनिटं कमी सांगतं. इंटरसेप्ट म्हणजे ‘शून्य मिनिटांच्या राइड’चा आकडा, आणि तशी राइड डेटात नसतेच. त्यामुळे तो एकटा नीट पकडता येत नाही. सुटं सुटं तपासलं तर a आणि b दोघेही पास होऊ शकतात आणि बायस निसटतो. एकत्र टेस्टमध्ये तो सापडतो.

कुठे फसू शकता

हे गणित धरून चालतं की प्रत्येक राइडची चूक स्वतंत्र आहे. एकाच पावसाळी संध्याकाळच्या पाच राइड्स नोंदवल्या तर पाचही एकत्रच लेट होतील. कागदावर त्या पाच दिसतात, माहिती मात्र जेमतेम एकीइतकी असते, आणि टेस्ट उगाच आत्मविश्वासाने बोलते. म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी नोंद करा. एकमेकांवर चढणारे अंदाज असतील, उदाहरणार्थ दर महिन्याला केलेला पुढच्या वर्षभराचा महागाईचा अंदाज, तर अभ्यासक न्यूई-वेस्ट पद्धतीने स्टँडर्ड एरर दुरुस्त करतात.

नोंद अंदाज दिसताक्षणीच करा. रस्त्यात ईटीए बदलत राहतो. शेवटच्या मिनिटाचा आकडा लिहिला तर कुठलंही ॲप हुशार दिसेल.

आणि बायस सापडला म्हणजे ॲप बिघडलंय असंही नाही. उशीर झाला की ग्राहक चिडतो, लवकर पोहोचला तर खूश होतो. त्यामुळे कंपनी मुद्दाम थोडी जास्त वेळ सांगू शकते. टेस्ट बायस दाखवते, त्यामागचा हेतू नाही.

तुमच्या वापराचं सूत्र मात्र तयार आहे. या डेटातल्या ॲपने ट्रेन पकडायच्या दिवशी ‘१५ मिनिटं’ म्हटलं, तर ६ + ०.८ × १५ = १८ धरा, आणि वर थोडी मोकळीक ठेवा. कारण १८ ही सरासरी आहे. ट्रेन सरासरीसाठी थांबत नाही.