बेंबीचं दुखणं उजवीकडे उतरतं तेव्हा

संध्याकाळी बेंबीभोवती मोघम दुखू लागतं. मुलगा म्हणतो, ‘मिसळ बाधली असेल.’ पहाटेपर्यंत तेच दुखणं उजव्या ओटीपोटात येऊन बसतं आणि आता बोट ठेवून जागा दाखवता येते. अपेंडिक्स तर पहिल्यापासून तिथेच होतं; मग आधी बेंबी का दुखली?

अपेंडिक्स फुगलं की त्याचा ताण कळवणाऱ्या नसा मज्जारज्जूत छातीच्या दहाव्या पातळीच्या आसपास शिरतात. बेंबीजवळच्या त्वचेच्या नसाही तिथेच येतात. मेंदूला सवय त्वचेच्या तक्रारींची, म्हणून तो बेंबीचं नाव घेतो. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते आणि त्या अस्तराच्या नसा नेमका पत्ता देतात.

पोटाचे चार भाग पाडतात ते या पत्त्यासाठी. उजवीकडे वर यकृत, पित्ताशय. डावीकडे वर प्लीहा, खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. पण हा नकाशा फसवतोही. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात उमटू शकतं, आणि बाईच्या उजव्या ओटीपोटात अपेंडिक्सशेजारी बीजांडकोशही असतो.

असं दुखणं एकाएकी थांबलं तर हायसं वाटून घेऊ नका. अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं.