कुत्रा चावला, मग इंजेक्शने दोन प्रकारची का?

बारावीच्या जीवशास्त्रातील ‘मानवी आरोग्य आणि रोग’ या प्रकरणावर काही लघुत्तरी प्रश्न हमखास येतात. प्रतिपिंड म्हणजे काय? सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्तीतील फरक सांगा. ॲलर्जी कशामुळे होते? मुले उत्तरे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण कुत्रा चावलेल्या एकाच रुग्णाच्या केसपेपरवर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. तिथे चूक झाली, तर जातो तो जीव.

समजा, शिरपूर तालुक्यातील एका गावात आठ वर्षांच्या, २० किलो वजनाच्या मुलाच्या हाताला मोकाट कुत्र्याने कडकडून चावा घेतला. दात रुतले, रक्त आले. आजी हळद नाहीतर मिरची भरायला निघते. इथेच तिला थांबवायला हवे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवायची. रेबीजचा विषाणू साबणाने नष्ट होतो. मिरची, चुना, तेल लावल्याने जखम चिघळते. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत. मग वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठायचे.

प्रश्न १ : प्रतिपिंड म्हणजे काय?

शरीरात शिरलेल्या परक्या घटकाला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड, अर्थात अँटीबॉडी. त्याचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांपासून ते बनते. ‘वाय’च्या दोन टोकांना खाचा असतात आणि त्यात ठरावीक शत्रूच बसतो. रेबीजचे प्रतिपिंड विषाणूच्या बाहेरील काट्यांना चिकटते, त्यामुळे विषाणूला नसेत शिरता येत नाही. हे नसेत शिरण्यापूर्वीच व्हावे लागते. एकदा नसेत शिरलेला विषाणू हळूहळू मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

प्रश्न २ : सक्रिय प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

शरीराने स्वतः प्रतिपिंडे बनवली, तर ती सक्रिय प्रतिकारशक्ती. रेबीजची लस हेच काम करून घेते. लशीत मारलेला विषाणू असतो. तो आजार करू शकत नाही, पण पेशी त्याला ओळखायला शिकतात. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचायला सुरुवात केली, ती याच तत्त्वावर.

सरकारी रुग्णालयांत ही लस बहुधा त्वचेत देतात. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलीटर, असे चार वेळा. पहिला डोस सोमवारी घेतला, तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी आणि चौथा पहिल्या डोसानंतर बरोबर चार आठवड्यांनी, पुन्हा सोमवारी. स्नायूत देण्याची पद्धत असेल तर वेळापत्रक वेगळे असते. मजुरी बुडते म्हणून शेवटचा डोस टाळणे धोक्याचे.

या शक्तीची जमेची बाजू म्हणजे स्मृती. पूर्ण कोर्स झालेल्या मुलाला पुढे पुन्हा कुत्रा चावला, तर पहिल्या आणि चौथ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात आणि सिरम लागत नाही. म्हणून जुना केसपेपर जपून ठेवायचा. उणी बाजू म्हणजे वेळ. पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

प्रश्न ३ : मग निष्क्रिय प्रतिकारशक्ती कशासाठी?

त्या मधल्या दिवसांसाठी. दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे रुग्णाला देणे म्हणजे निष्क्रिय प्रतिकारशक्ती. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिपिंडे याच प्रकारात मोडतात. साप चावल्यावर देतात ते प्रतिविषही तसेच. रेबीजसाठी घोड्याला लस टोचून त्याच्या रक्तातून सिरम काढतात. म्हणजे घोड्याची सक्रिय प्रतिकारशक्ती ही मुलासाठी निष्क्रिय ठरते. माणसाच्या रक्तापासून बनवलेले सिरम आणि प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडेही आता मिळतात.

घोड्याच्या सिरमचे प्रमाण वजनाच्या दर किलोला ४० युनिट. आपल्या २० किलोच्या मुलाला ८०० युनिट लागतील. एका मिलिलीटरमध्ये ३०० युनिट असतील, तर हे सुमारे २.७ मिलिलीटर झाले. हे सिरम कमरेत टोचून भागत नाही. ते जखमेत आणि तिच्या कडेने भरावे लागते, कारण विषाणू तिथेच असतो. मूल रडते, आईवडील कासावीस होतात आणि ‘राहू द्या डॉक्टर, लस दिली ना’ म्हणतात. रक्त आलेल्या चाव्यात केवळ लशीवर विसंबणे म्हणजे पहिले एक-दोन आठवडे दार उघडे ठेवणे. रक्त न आलेल्या किरकोळ ओरखड्याला मात्र एरवी निरोगी माणसाला लस पुरते.

सिरम पहिल्याच दिवशी द्यायचे. त्या दिवशी जवळ उपलब्ध नसेल, तर लस लगेच सुरू करून सिरमसाठी धुळ्यासारख्या मोठ्या ठिकाणी जायचे. पहिल्या लशीपासून सात दिवसांपर्यंत ते देता येते. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागतात, आणि उसनी प्रतिपिंडे त्यांच्या निर्मितीत अडथळा आणू शकतात. उसन्या प्रतिपिंडांची स्मृती राहत नाही. काही आठवड्यांत ती विरून जातात, म्हणून सिरम घेतले तरी लस चुकवता येत नाही.

प्रश्न ४ : ॲलर्जी का होते?

घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परकेच. काही जणांचे शरीर अशा निरुपद्रवी पदार्थाविरुद्धही ‘आयजीई’ या प्रकारची प्रतिपिंडे बनवते. ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला, की या पेशी फुटून हिस्टामीन बाहेर टाकतात. काही मिनिटांत खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. तीव्र प्रकारात धाप लागते आणि रक्तदाब कोसळतो. यावर पहिला उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. केवळ ॲलर्जीच्या गोळीवर भागत नाही. म्हणूनच सिरमनंतर रुग्णाला तासभर बसवून ठेवतात. ‘झालं ना, निघतो’ म्हणून बस पकडायची घाई करू नये. पूर्वी साप चावल्यावर प्रतिविष घेतले असेल, तर तेही आधी सांगावे, कारण तेही घोड्यापासूनच बनते.

दुसरी प्रतिक्रिया उशिरा, साधारण एक ते दोन आठवड्यांनी येते. ताप, पुरळ आणि सांधेदुखी. तिला सिरम सिकनेस म्हणतात. ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घोड्याचे सिरम दिलेल्या मुलांत अशाच प्रतिक्रिया पाहिल्या आणि १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्दच घडवला. ही तक्रार बहुधा औषधांनी बरी होते. तेव्हा ॲलर्जीच्या भीतीने सिरम नाकारू नये. ॲलर्जीवर रुग्णालयात इलाज आहे, रेबीजची लक्षणे दिसल्यावर नाही.

प्रश्न ५ : फरक सांगा.

लस शरीराला शिकवते. तिला वेळ लागतो, पण ती आठवण ठेवून जाते. सिरम तयार प्रतिपिंडे देते. ती लगेच काम करतात आणि थोड्या दिवसांत संपतात. खोल चाव्यात दोन्ही लागतात, म्हणून केसपेपरवर लशीच्या चार तारखांबरोबर सिरमचीही नोंद दिसते आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.