नापास होणे, विषय सोडणे आणि अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा

एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकणारा विद्यार्थी एखाद्या विषयात नापास झाला, तर केवळ तेवढ्याने त्याच्या तिथल्या कायदेशीर मुक्कामाला धक्का लागत नाही. पण नापासाचा शिक्का टाळायला त्याने तोच विषय सत्राच्या मधेच, विचारपूस न करता सोडून दिला, तर मुक्काम बेकायदा ठरू शकतो. हे उलटेच वाटते, आणि दरवर्षी नव्याने जाणारे अनेक जण इथेच फसतात. कायद्याला विद्यार्थ्याच्या गुणांशी थेट देणेघेणे नाही. तो पूर्णवेळ शिकतो आहे की नाही, एवढेच कायदा पाहतो.

पूर्णवेळ म्हणजे किती, हे क्रेडिटमध्ये मोजतात. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. पदव्युत्तर पातळीवर हा आकडा विद्यापीठ ठरवते आणि बहुतेक ठिकाणी तो ९ असतो, म्हणजे ३ क्रेडिटचे तीन विषय. ऑनलाइन विषयांपैकी या हिशेबात एका सत्रात एकच विषय किंवा ३ क्रेडिट धरली जातात. विद्यापीठाच्या नियमित उन्हाळी सुट्टीत विषय घेतले नाहीत तरी चालते, मात्र पुढच्या सत्रात परत पूर्णवेळ यावे लागते.

या सगळ्याची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी संगणक प्रणालीत होते. ती ठेवणारा माणूस विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात बसतो. त्याला सगळे डीएसओ म्हणतात. पगार विद्यापीठाचा, पण या नोंदींपुरते उत्तर त्याला गृहसुरक्षा खात्याला द्यावे लागते. परवानगीशिवाय कोणी पूर्णवेळेच्या खाली गेला, तर २१ दिवसांत ते कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो कितीही सहृदय असला तरी घडून गेलेली गोष्ट त्याला झाकता येत नाही. घडण्याआधी मात्र त्याच्या हातात बरेच काही असते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांची इथे एक जुनी सवय आड येते. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात केटी लागली तर पुढच्या सत्रात जाता येते, आणि राहिलेल्या विषयाची नुसती परीक्षा पुन्हा द्यायची असते. शेवटच्या महिनाभरात झोप मोडून अभ्यास केला की पेपर निघतो, हा अनुभवही गाठीशी असतो. अमेरिकेत ही सोय सहसा नसते. नापास झालेला विषय पुन्हा करायचा म्हणजे पुन्हा फी भरायची, सगळे वर्ग, सगळे गृहपाठ, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करायच्या. शिवाय अंतिम परीक्षेला अनेकदा तीस-चाळीस टक्केच वजन असते. बाकीचे गुण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गृहपाठ, प्रकल्प आणि सहामाहीतून जमत किंवा जात असतात. शेवटी उठून धावायचे ठरवणाऱ्याला तोवर फार कमी गुण उरलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीची एक मुलगी संगणकशास्त्रात एमएस करायला गेली आहे. पहिल्या सत्रात तिचे तीन विषय आहेत, एकूण ९ क्रेडिट. दोन विषय बरे चालले आहेत. तिसऱ्यात, अल्गोरिदममध्ये, सहामाहीला १०० पैकी ३८ गुण पडले आणि दोन गृहपाठ उशिरा गेले. विषय सोडण्याची अंतिम तारीख दहाव्या आठवड्यात आहे. तोपर्यंत सोडला तर गुणपत्रकावर डब्ल्यू हे अक्षर येते. ते सरासरीत धरत नाहीत, पण भरलेली फी बहुधा परत मिळत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर विषयासमोर ‘ड्रॉप’ असे बटण आहे, आणि ते दाबले की विषय जातो. बटण दाबणाऱ्याचा व्हिसा कोणता, हे पोर्टल पाहीलच असे नाही. तिच्याकडे उरतील ६ क्रेडिट, आणि ती त्याच क्षणी नियमाबाहेर जाईल. प्राध्यापकाने आनंदाने ‘सोड’ म्हटले, तरी ती डीएसओची परवानगी होत नाही.

आता हिशेब पाहू. बाकी दोन विषयांत तिला ए-वजा आणि बी-अधिक मिळतील असे धरले, तर ३.७ आणि ३.३ असे अंक होतात. तिसऱ्यात एफ म्हणजे शून्य आले तर सरासरी २.३३. तिसऱ्यात कसाबसा सी, म्हणजे २, मिळाला तर बरोबर ३. विषय रीतसर सोडला तर दोनच विषयांची सरासरी, ३.५. पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुतेक विद्यापीठे किमान ३ मागतात, त्यामुळे एफ तिला पुढच्या सत्रात थेट प्रोबेशनवर टाकेल. त्या सत्रात तिने तिन्ही विषय उत्तम केले, दोन ए-वजा आणि एक बी-अधिक, तरी सहा विषयांची एकत्र सरासरी २.९५ च भरते. एक एफ पुसायला एक अख्खे चांगले सत्रही पुरत नाही. विषय पुन्हा घेतल्यावर काही विद्यापीठे जुना गुण सरासरीतून काढतात, काही दोन्ही धरतात.

तिच्यापुढे तिसरा रस्ता आहे, आणि तो नियमातच लिहिलेला आहे. नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीला इंग्रजी किंवा वाचनाचा भार झेपेना, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसल्याने अडखळायला झाले, किंवा त्याला चुकीच्या पातळीच्या विषयात बसवले गेले, तर डीएसओ त्याला कमी क्रेडिटची मुभा देऊ शकतो. अटी कडक आहेत. किमान ६ क्रेडिट राहिलीच पाहिजेत, पुढच्या सत्रात पूर्णवेळ परतले पाहिजे, आणि एका पदवीच्या पातळीवर ही सवलत एकदाच मिळते. सांगलीची मुलगी पहिल्याच सत्रात आहे, तिच्याकडे ६ क्रेडिट उरतात, आणि परीक्षापद्धतीची अडचण खरी आहे. शैक्षणिक सल्लागाराकडून तसे लेखी घेऊन ती डीएसओकडे गेली, त्याने सेव्हिसमध्ये मंजुरी नोंदवली आणि मग तिने बटण दाबले, तर ती पूर्णपणे नियमात राहते. तीच कामे उलट्या क्रमाने केली, तर नाही.

ही सवलत एकदाच मिळत असल्याने ती कशावर खर्च करायची याचा विचार करावा लागतो. सी मिळण्याची खरीखुरी शक्यता असेल, तर झुंज देणे कधीकधी शहाणपणाचे ठरते.

आजारपणाचा नियम वेगळा आणि अधिक उदार आहे. डॉक्टर किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञ यांचे पत्र असेल, तर क्रेडिट कमी करता येतात, गरज पडल्यास शून्यावरही आणता येतात. एका पातळीवर सगळे मिळून १२ महिन्यांपर्यंत ही मुभा आहे, मात्र प्रत्येक सत्राला नव्याने मंजुरी लागते. नैराश्य किंवा तीव्र चिंता हीही यात बसू शकते. आपल्याकडची मुले तापाचे प्रमाणपत्र निःसंकोच दाखवतात आणि याबाबत गप्प बसतात. मग वर्ग बुडतात, विषय जातात, आणि कागदावर कारण काहीच राहत नाही. शेवटच्या सत्रात पदवीला एखादाच विषय उरला असेल, तर तेवढाच घेण्याचीही परवानगी मिळते. मात्र तो निव्वळ ऑनलाइन असून चालत नाही.

नापास होण्याचा व्हिसाशी संबंध लांबून, पण नक्की येतो. आय-२० या कागदावर शिक्षण संपण्याची तारीख असते. ती वाढवायची तर मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि कारण पटण्याजोगे लागते: संशोधनातली अनपेक्षित अडचण, विषयबदल, आजार. प्रोबेशन किंवा निलंबन यामुळे झालेला उशीर हे मुदतवाढीचे कारण धरू नये, असे नियम स्पष्ट सांगतो. शिवाय सरासरी सुधारली नाही आणि विद्यापीठाने नाव काढले, तर नोंदणीच राहत नाही, आणि नोंदणीशिवाय एफ-१ टिकत नाही. नक्कल केल्यावरून निलंबित झालेल्याचेही तेच होते. दडपणाखाली दुसऱ्याचा प्रोग्राम उचलून देणाऱ्यांच्या हे क्वचितच ध्यानात येते.

मदतीची ठिकाणे जवळपास प्रत्येक विद्यापीठात असतात, आणि त्यातली बरीचशी फीमध्येच धरलेली असतात. पहिले ठिकाण म्हणजे प्राध्यापकाची भेटीची वेळ. विषयाच्या माहितीपत्रकावर ती छापलेली असते, आणि त्या वेळी जाऊन प्रश्न विचारणे तिकडे कमीपणाचे मानत नाहीत. सरांना त्रास कशाला द्यायचा, हा विचार इथे महागात पडतो. गृहपाठ अडला तर शिक्षकाच्या हाताखालचे सहायक असतात. गणित, संगणकशास्त्र अशा विषयांना शिकवणी केंद्र असते, आणि निबंध किंवा अहवाल लिहायला जड जात असेल तर लेखन केंद्र. किती गुण हातात आहेत, पास होण्याइतके अजून मिळणे शक्य आहे का, हा हिशेब शैक्षणिक सल्लागारासोबत मांडावा. वाचनातली किंवा एकाग्रतेची निदान झालेली अडचण असेल, तर अपंगत्व सेवा कार्यालय परीक्षेला जादा वेळ मिळवून देऊ शकते. समुपदेशन केंद्रातले बोलणे गोपनीय असते आणि ते व्हिसाच्या अधिकाऱ्यांकडे पोचत नाही. सत्राच्या अगदी शेवटी आजार किंवा घरातले मृत्यूसारखे संकट आले, तर उरलेले काम नंतर पुरे करण्यासाठी प्राध्यापक ‘अपूर्ण’ असा शेरा देऊ शकतो. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

परवानगी न घेता विषय सोडला गेलाच, तर सेव्हिसमधली नोंद रद्द होते. डीएसओच्या संमतीने शिक्षण सोडणाऱ्याला देश सोडायला १५ दिवस मिळतात, पण नियमभंगाने नोंद रद्द झालेल्याला तेही नाहीत. कॅम्पसवरची नोकरी त्याच दिवशी थांबवावी लागते, आणि सोबत एफ-२ वर आलेल्या जोडीदाराचा मुक्कामही धोक्यात येतो. मग दोन मार्ग उरतात. एक म्हणजे पुनःस्थापनेचा अर्ज, आय-५३९ या फॉर्मवर. तो नियमभंगानंतर ५ महिन्यांच्या आत करावा, त्यानंतर केल्यास उशिराचे असाधारण कारण दाखवावे लागते. घडले ते आवाक्याबाहेरचे होते, किंवा आधी विचारले असते तर ही सवलत डीएसओला देता आली असती आणि अर्ज नाकारल्यास विलक्षण हाल होतील, हे पटवावे लागते. विनापरवाना नोकरी केलेली चालत नाही. निकालाला महिने लागतात आणि तोवर वर्ग सुरू ठेवावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे देश सोडून नवा आय-२० घेऊन परतणे. हा काहीसा लवकर होतो, पण सीमेवर प्रवेश मिळेलच याची हमी नाही. शिवाय प्रशिक्षणाच्या नोकरीसाठी लागणारे पूर्ण शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजले जाते. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य कायदेशीर मदतीचे कार्यालय असते, आणि वकिलाकडे नेण्याचे कागद, म्हणजे जुने आय-२०, गुणपत्रक आणि डीएसओशी झालेला ईमेल व्यवहार, नोंद रद्द झाल्याचे कळताच उतरवून ठेवावेत, कारण विद्यापीठाचे ईमेल खाते नंतर बंद होऊ शकते.