छातीत

पहाटे ५:४० ला फोनवर एकच शब्द आला : ‘छातीत’. दुखतंय की जळजळतंय, काही नाही. पाठवणारे माझे जुने पेशंट, वय ५८, मधुमेह बारा वर्षांपासूनचा.

या एका शब्दावरून निदान होत नाही. आदल्या रात्रीच्या मिसळीचं पित्त असेल, गोणी उचलताना लचकलेला स्नायू असेल, नाहीतर हृदयाची रक्तवाहिनी तुंबली असेल. तिन्ही माणसं तोच शब्द पाठवतात. म्हणून ‘काळजी करू नका, ॲसिडिटी असेल’ हे उत्तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ते धीर देतं आणि नेमका त्याच धीराने माणूस घरी थांबतो.

अशा वेळी मी लिहीत बसत नाही, फोन लावतो. एका दमात वाक्य पुरं होतंय का, हे आवाजातूनच कळतं. फोन उचलला नाही तर मात्र आधी सूचना पाठवायची, प्रश्न नंतर : ‘बसून राहा. जिना उतरू नका. घरच्यांना उठवा, दार उघडायला सांगा. १०८ ला फोन करा.’ दहा प्रश्न एकदम पाठवले, तर घाबरलेला माणूस पहिल्याच प्रश्नाशी अडकतो.

त्या दिवशी फोन वहिनींनी उचलला. “गॅस धरलाय म्हणतात. ओवा दिलाय मी.”

“वहिनी, दुखतंय ते दाखवताना बोट ठेवतायत की मूठ?”

“हाताची मूठ. मधोमध.”

बोटाने दाखवता येणारं, दाबलं की वाढणारं दुखणं बऱ्याचदा स्नायूचं किंवा बरगडीचं निघतं. मूठ किंवा पंजा छातीवर ठेवून ‘इथं आवळतंय’ म्हणणारा माणूस मला जास्त घाबरवतो. अर्थात ही खूण पक्की नव्हे. बोट दाखवणाऱ्यालाही झटका आलेला असू शकतो. मग पुढचे प्रश्न : कधीपासून? हात, जबडा, पाठ यांकडे कळ जातेय का? घाम, मळमळ, धाप? वहिनी म्हणाल्या, “बनियन पिळून काढावा इतका ओला झालाय.” पहाटे, पंख्याखाली. पुढचं विचारायची गरज उरली नाही.

मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात तर कधीकधी छाती दुखतच नाही. नुसती धाप, थकवा किंवा मळमळ एवढंच असतं. तिथे ‘छातीत’ हा शब्दही येत नाही.

मुलगा म्हणाला, “स्कूटरवरून आणतो, दहा मिनिटांत.” मी नको म्हटलं. वाटेत शुद्ध गेली, तर स्कूटरवर काय करणार? १०८ ला पत्ता, ओळखीची खूण, मजला आणि ‘छातीत दुखतंय, दरदरून घाम’ एवढं सांगायचं आणि फोन हाताशी ठेवायचा. ते तिसऱ्या मजल्यावर होते, लिफ्ट नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायला सांगितलं.

घरात ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन होती. ॲलर्जी नाही, पोटात व्रण नाही, रक्तस्रावाचा त्रास नाही, आणि कळ पाठीत फाडल्यासारखी गेलेली नाही, हे विचारून घेतलं. मगच चार गोळ्या चावून खायला लावल्या. गिळल्या तर असर उशिरा होतो. हे सगळं न विचारता मात्र कुणाला गोळी देऊ नये. जिभेखाली ठेवायची शेजाऱ्याची गोळी मी थांबवली. त्या गोळीने रक्तदाब आधीच कमी असलेला माणूस कोसळू शकतो.

मुलाला आणखी एक सांगून ठेवलं : बाबा पडले, हाक मारून हलले नाहीत आणि नीट श्वास घेत नसतील, तर जमिनीवर उताणे ठेवायचे. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं.

रुग्णालयात पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल आला. मुलाच्या जिवात जीव आला, ‘घरी नेऊ का?’ विचारू लागला. पण एक नॉर्मल ईसीजी म्हणजे सुटका नव्हे. दुखणं चालूच असल्याने पंधरा मिनिटांनी पुन्हा काढला, तेव्हा बदल स्पष्ट दिसला. दुपारपर्यंत वाहिनी उघडली होती.

परवा त्यांच्याच नंबरवरून संदेश आला : ‘ताप’. मी लगेच फोन केला.

“कुणाला?”

“नातवाला.”

“किती दिवसांचा?”

“कालपासूनच आहे.”

“ताप नव्हे हो, नातू.”

“दीड महिन्याचा. शंभर पूर्णांक आठ. पॅरासिटामॉलचे थेंब देऊन बघू का?”

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर थेंब देऊन वाट बघायची नसते. बाळ हसत-खेळत असलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं. मी म्हटलं, “दूध पाजत राहा आणि आत्ता निघा. तुम्ही मागे बसा, गाडी मुलाला चालवू द्या.”